चार आठवड्यांत न फुटणारा क्यूब

‘आपल्या नामांकित कारखान्यात मला चार आठवड्यांची इंटर्नशिप करायची असून, सिमेंटच्या २८ दिवसांच्या मजबुतीचा अभ्यास करण्याची माझी मनापासून इच्छा आहे.’ इंजिनिअरिंगच्या किंवा बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असलेली मुलं सिमेंट कारखान्यात अर्ज करतात तेव्हा या वळणाचं वाक्य सहज लिहून जातात. वाक्यात व्याकरणाची चूक नाही, उद्धटपणा नाही, उत्साहही भरपूर आहे. पण क्वालिटी कंट्रोल मॅनेजर ते वाचतो आणि त्याच्या मनात लगेच हिशेब सुरू होतो. चार आठवडे म्हणजे २८ दिवस. मुलाने आल्या आल्या पहिल्याच दिवशी सिमेंटचा क्यूब भरला, तरी तो फोडायचा दिवस येईल पाचव्या आठवड्यात. तोवर त्याच्या गेट पासची मुदत संपलेली असेल. म्हणजे ज्या कामासाठी मुलगा येतो म्हणतोय, ते काम त्याने मागितलेल्या मुदतीत होऊच शकत नाही, आणि हे त्याला ठाऊक नाही.

असा अर्ज फेटाळला जातोच असं नाही. मॅनेजर भला असेल तर बोलावतोही. मग त्या मुलाला प्रयोगशाळेतून एक चक्कर मारून आणतात, जुन्या अहवालांच्या झेरॉक्स देतात आणि महिनाअखेरीस प्रमाणपत्र हातात ठेवतात. शिकणं तेवढं राहून जातं. म्हणून या लेखात एकाच पत्राबद्दल नीट बोलायचं आहे: तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने सिमेंट कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल मॅनेजरला लिहिलेलं पत्र. तिला आपण केमिकल इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी मानू आणि कारखाना चंद्रपूर जिल्ह्यातला. चुनखडीमुळे गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घुस या भागात सिमेंटचे मोठे कारखाने आले, आणि विदर्भातल्या मुलांच्या नजरेसमोर इंटर्नशिप म्हटलं की आधी तेच येतात.

पत्र समजून घ्यायचं तर ते ज्याच्या टेबलावर पडणार आहे, त्याचा दिवस कसा जातो हे आधी पाहायला हवं.

चुनखडी, थोडी चिकणमाती किंवा लॅटराइट, गरज पडली तर लोहखनिज, असं सगळं दळून भट्टीत साधारण १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की क्लिंकर तयार होतं. काळपट करड्या रंगाच्या या गोळ्या जिप्समबरोबर दळल्या की झालं सिमेंट. भट्टी चोवीस तास फिरत असते, त्यामुळे प्रयोगशाळाही तिन्ही शिफ्ट चालते. शिफ्ट केमिस्ट ठरावीक वेळाने क्लिंकरचा नमुना घेतो आणि त्यातला ‘फ्री लाइम’, म्हणजे कशाशीही संयोग न पावता मोकळा राहिलेला चुना, मोजतो. जुनी रीत अशी: क्लिंकर बारीक दळायचं, त्यातलं एक ग्रॅम चंबूत घ्यायचं, इथिलीन ग्लायकॉल घालून गरम पाण्यात ठेवत हलवत राहायचं, गाळायचं आणि गाळलेल्या द्रवाचं डेसिनॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन करायचं. आम्लाचा प्रत्येक मिलिलीटर २.८ मिलिग्रॅम चुन्याइतका धरतात. पाच मिलिलीटर लागले तर फ्री लाइम झाला १.४ टक्के. आता बऱ्याच ठिकाणी हे काम क्ष-किरणांची यंत्रं करतात, पण यंत्राचा आकडा बरोबर आहे ना हे ताडायला ब्युरेट अजूनही भिंतीशी उभी असतेच.

हा आकडा वाढला तर चुना नीट भाजला गेलेला नाही, असं समजतात. तो तसाच सिमेंटमध्ये गेला तर पुढे भिंतीत पाणी शोषून सावकाश फुगतो आणि तडे पाडतो. त्यामुळे आकडा येताच कंट्रोल रूमला फोन जातो आणि भट्टीवर दुरुस्ती सुरू होते. नमुना घेतल्यापासून फोन होईपर्यंत फार तर तासाभराचा अवधी. सिमेंट किती बारीक दळलं गेलं ते सांगणारी ब्लेन चाचणीही अशीच लगोलग होते. चूक झाली तर तिची किंमत एखाद-दोन तासांच्या मालापुरती.

मजबुतीचं तसं नाही. ती मोजायची तर वाट पाहण्यावाचून दुसरा उपाय नाही. ५३ ग्रेडच्या साध्या सिमेंटसाठी आयएस २६९ या मानकात तीन टप्पे दिलेत: तीन दिवसांनी किमान २७, सात दिवसांनी ३७ आणि २८ दिवसांनी ५३ मेगापास्कल. पिशवीवर छापलेला ‘५३’ म्हणजे हाच शेवटचा आकडा. तो आठवड्यात काढता येत नाही आणि पैसे मोजूनही लवकर मिळत नाही.

आणि सिमेंट तर इतके दिवस थांबत नाही. ते सायलोत येतं, पिशव्यांत भरलं जातं, ट्रकवर चढतं, आठ-पंधरा दिवसांत कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसतं. २८ दिवसांचा निकाल मॅनेजरच्या हाती येतो तेव्हा त्या मालावर लोक चालायलाही लागलेले असतात. म्हणजे दर दिवशी तो जो माल सोडतो, तो तीन आणि सात दिवसांच्या आकड्यांवर, दळणाच्या बारीकपणावर आणि आपल्या अनुभवावर भरवसा ठेवून. अंदाज चुकू नये म्हणून कारखाने ५३ वर टेकत नाहीत, आतल्या आत त्याहून वरचं लक्ष्य ठेवतात. या नोकरीतला खरा ताण हाच आहे, आणि तो कोणत्याही जाहिरातपत्रकात लिहिलेला नसतो. ज्या विद्यार्थ्याला हे कळलं, त्याच्या पत्राचा सूरच वेगळा लागतो.

आता ते पत्र पाहू. अशी पत्रं कंपनीत बहुधा इंग्रजीत जातात. इथे मजकूर मराठीत मांडला आहे.

‘महोदय,

मी केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात आहे. सहाव्या सत्राची परीक्षा संपल्यावर जूनच्या पहिल्या सोमवारपासून सहा आठवडे आपल्या क्वालिटी कंट्रोल प्रयोगशाळेत इंटर्नशिप करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. कॉलेजचं शिफारसपत्र आणि अपघात विम्याची प्रत सोबत जोडली आहे.

साध्या पोर्टलँड सिमेंटची सात दिवसांची मजबुती हाती असताना २८ दिवसांच्या मजबुतीचा अंदाज कितपत बांधता येतो, हे मला समजून घ्यायचं आहे. पहिल्या आठवड्यात सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण करून मी आयएस ४०३१ प्रमाणे क्यूब भरण्याची पद्धत आपल्या तंत्रज्ञांकडून शिकेन. दुसऱ्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार रोजच्या नमुन्यातून दररोज ९ क्यूब भरण्याची परवानगी मिळाल्यास त्यांची २८ दिवसांची चाचणी सहाव्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार येते. गुरुवारच्या क्यूबची तीन दिवसांची चाचणी रविवारी येईल. त्या दिवशी मी हजर राहीन. एकूण ४५ क्यूबना साधारण २७ किलो प्रमाणित वाळू लागेल. तेवढी देणं शक्य नसेल तर मी आपल्या नेहमीच्या क्यूबवरच तंत्रज्ञांच्या हाताखाली काम करेन.

मधल्या तीन आठवड्यांत, आपली हरकत नसल्यास, मागील एका वर्षाच्या नोंदी पाहून ब्लेन, सात दिवस आणि २८ दिवस या आकड्यांचा संबंध मांडेन. कॉलेजला द्यायचा अहवाल आधी आपणास दाखवेन. कंपनीचं नाव आणि मूळ आकडे त्यात येणार नाहीत.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी ईडीटीए टायट्रेशन केलं आहे. एक्सआरएफ यंत्र वापरलेलं नाही. क्यूब भरण्याचा अनुभव नाही.

या काळात भट्टी बंद राहणार असेल तर कृपया कळवावं. मी तारखा बदलू शकते.’

एवढंच पत्र, एका पानाच्या आतलं. ‘नामांकित’, ‘अमूल्य संधी’, ‘माझं स्वप्न’ यातलं काही त्यात नाही, आणि तरीही अर्ज करणारीने घरचा अभ्यास केलाय हे दिसतं. मला यातलं सर्वांत बोलकं वाक्य वाटतं ते रविवारचं.

ते का, हे क्यूब भरण्याच्या कामातून कळेल. सिमेंटची मजबुती काँक्रीटवर मोजत नाहीत. कॉलेजात मुलांनी पाहिलेला असतो तो १५० मिलिमीटरचा काँक्रीटचा क्यूब, बांधकामाच्या साइटवरचा. सिमेंट कारखान्याचा क्यूब लहान, ७०.६ मिलिमीटरचा. हा विचित्र आकडा अशासाठी की त्याच्या एका बाजूचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर भरतं. त्यात खडी नसते. २०० ग्रॅम सिमेंट आणि ६०० ग्रॅम प्रमाणित वाळू, एवढंच. ही वाळूही नदीवरून आणलेली चालत नाही. तमिळनाडूतल्या एन्नोरची, जाड, मध्यम आणि बारीक अशा तीन प्रतींची, प्रत्येकी २०० ग्रॅम. देशभरातल्या प्रयोगशाळांत वाळू एकसारखी असली तरच आकड्यांची तुलना करता येते. ही वाळू विकत घ्यावी लागते, म्हणून २७ किलोचा हिशेब पत्रात आधीच मांडणारी मुलगी मॅनेजरला परकी वाटत नाही. ज्याने पत्रात ‘१५० मिमीचे क्यूब’ लिहिलं, त्याला सिमेंट आणि काँक्रीट यांतला फरक अजून शिकायचाय, हे तिथेच उघड होतं.

पाणी किती घालायचं, हेही अंदाजाने ठरत नाही. आधी नुसत्या सिमेंटची पेस्ट करून विकॅट उपकरणाचा दांडा साच्याच्या तळापासून ५ ते ७ मिलिमीटरवर थांबेल इतकं पाणी शोधतात. समजा ते सिमेंटच्या वजनाच्या ३० टक्के निघालं. मग त्याचा चौथा भाग, म्हणजे साडेसात, अधिक तीन, असे साडेदहा टक्के पाणी सिमेंट आणि वाळू मिळून झालेल्या ८०० ग्रॅमवर घ्यायचं. उत्तर येतं ८४ ग्रॅम. मसाला कालवायचा, साच्यात भरायचा, व्हायब्रेटरवर दोन मिनिटं ठेवायचा. एक दिवस दमट कपाटात ठेवायचा, मग साचा उघडून क्यूब पाण्यात सोडायचा.

हे सगळं २७ अंश सेल्सिअसला, दोन अंश इकडे किंवा तिकडे. युरोपात हेच तापमान २० अंश धरतात. आपल्या मानकाने उष्ण देशाला झेपेल असं ठेवलं. तरी चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बाहेर पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आत २७ राखणं हे एक कामच असतं. एसी बंद पडला आणि टाकीतलं पाणी कोमट झालं, तर सुरुवातीच्या दिवसांची मजबुती खोटी वाढलेली दिसते, कारण उष्णतेत सिमेंटची क्रिया वेगाने होते. सिमेंट सुधारलं म्हणून आनंद व्हावा, आणि सुधारणा असावी फक्त एसीच्या बिघाडाची.

आता वेळ. मानकात तीन दिवस म्हणजे ७२ तास, एक तास अलीकडे-पलीकडे. सात दिवस म्हणजे १६८ तास, दोन तासांची सवलत. २८ दिवस म्हणजे ६७२ तास, सवलत चार तासांची. ‘रविवार आला म्हणून सोमवारी फोडू’ हे तीन दिवसांच्या क्यूबला चालत नाही. सात आणि २८ हे दोन्ही आठवड्याच्या पटीत असल्याने सोमवारचा क्यूब सात दिवसांनीही सोमवारी आणि २८ दिवसांनीही सोमवारीच फुटतो. तीन दिवसांची चाचणी मात्र पुढे सरकते: सोमवारची गुरुवारी, बुधवारची शनिवारी आणि गुरुवारची नेमकी रविवारी. जिने कॅलेंडर समोर ठेवून हा हिशेब केला, तिलाच ती ओळ सुचू शकते. नेटवरून उतरवलेल्या नमुना पत्रात ती सापडणार नाही.

सहा आठवडेही याच हिशेबातून आलेत. दुसऱ्या आठवड्यातला सोमवार अधिक चार आठवडे म्हणजे सहाव्या आठवड्यातला सोमवार. पहिला आठवडा सुरक्षेचा, दुसरा भरण्याचा, सहावा फोडण्याचा. मधले तीन आठवडे मोकळे आहेत, तिथे नोंदींचा अभ्यास बसतो. चार आठवड्यांत हे जमत नाही, आठ आठवडे मागण्याची गरज नाही. कॉलेज चारच आठवडे देत असेल तर पत्रातला विषयच बदलायला हवा. फ्री लाइम घ्यावा, ब्लेन घ्यावा, ज्याचं उत्तर त्याच दिवशी मिळतं ते घ्यावं. किंवा नवा क्यूब न भरता नुसत्या जुन्या नोंदींवर काम करावं.

क्यूब फोडण्याचा प्रसंगही जवळून पाहण्यासारखा असतो. पाण्यातून काढलेला ओला क्यूब पुसून यंत्राच्या दोन पोलादी पाट्यांमध्ये ठेवतात, पण ज्या बाजूने भरला ती वरची बाजू पाटीकडे येऊ द्यायची नाही. ती हाताने सारखी केलेली असते, साच्याला लागलेल्या बाजूंइतकी सपाट नसते. क्यूब आडवा करून गुळगुळीत बाजूंवर भार द्यायचा. काटा चढत जातो, कोपऱ्यांतून कपचे सुटू लागतात आणि एका क्षणी काटा मागे येतो. समजा तीन क्यूब २६२, २६९ आणि २७५ किलोन्यूटनला फुटले. प्रत्येक भाराला क्षेत्रफळाने भागलं की येतात ५२.६, ५४.० आणि ५५.२ मेगापास्कल. सरासरी ५३.९. पहिला क्यूब एकटा पाहिला तर तो ५३ च्या खाली आहे. तरी माल नापास नाही, कारण निर्णय तीन क्यूबच्या सरासरीवर होतो.

आणि समजा तिसरा क्यूब २७५ ऐवजी २३८ ला फुटला. हिशेब येतो ४७.७, सरासरी घसरते ५१.४ वर. आता दोष कुणाचा, सिमेंटचा की हाताचा? एकाच सिमेंटचे दोन क्यूब ठीक आणि एकच खाली, तेव्हा अनुभवी माणसाचा संशय आधी क्यूबवर जातो. तो त्याचे तुकडे उचलून पाहतो. आत हवेची भोकं आहेत का? चारी बाजू सारख्या फुटल्या की एकाच अंगाने तिरकी चीर गेली? साचा उघडल्यावर केलेली वजनाची नोंद काढली जाते. भरगच्च क्यूब आठशे ग्रॅमच्या आसपास असतो. इतर दोघांपेक्षा हा बराच हलका असेल तर भरतानाच आत पोकळी राहिली. तिन्ही सारखेच खाली आले असते तर प्रश्न वेगळा झाला असता: ८४ ग्रॅमऐवजी जास्त पाणी पडलं का, की सिमेंटच कमी पडलं? एवढी उलटतपासणी शिकता आली तरी सहा आठवडे सार्थकी लागले असं मी म्हणेन. पत्रात ‘क्यूब भरण्याचा अनुभव नाही’ हे साफ लिहिणं यासाठीच महत्त्वाचं आहे. नवख्या हाताने भरलेल्या क्यूबचे आकडे कमी-जास्त होणारच. अनुभव आहे म्हणून सांगितलं आणि आकडे हलले, तर मॅनेजर काही काळ तरी सिमेंटवर संशय घेईल.

नोंदींच्या अभ्यासात एक खाच आहे, ती इथे सांगून ठेवतो. मुलगी वर्षाचे आकडे कागदावर मांडेल, आडव्या रेषेवर सात दिवस, उभ्या रेषेवर २८ दिवस. तिला वाटेल की ठिपक्यांची एक सुरेख तिरकी रांग दिसेल. प्रत्यक्षात बहुधा दिसतो ठिपक्यांचा पुंजका. कारण चांगला कारखाना आपलं सिमेंट फारसं हलूच देत नाही. सात दिवसांचे आकडे समजा वर्षभर ४१ ते ४४ मध्येच फिरत असतील, तर एवढ्या अरुंद पट्ट्यात चाचणीची स्वतःची कमी-जास्त सगळा संबंध झाकून टाकते. म्हणून ‘सात दिवसांवरून २८ दिवस कळत नाहीत’ असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. या कारखान्याच्या या वर्षाच्या आकड्यांवरून अंदाज किती मेगापास्कलने चुकू शकतो, एवढंच म्हणता येतं. मॅनेजरलाही नेमकं तेच हवं असतं. अंदाज तीनने चुकतो की पाचने, यावर त्याने ५३ च्या वर किती अंतर ठेवायचं ते ठरतं.

पत्रात ‘साध्या पोर्टलँड सिमेंटची’ असं मुद्दाम म्हटलंय, त्यालाही कारण आहे. आज घरबांधणीत बरंच सिमेंट पीपीसी असतं, म्हणजे औष्णिक वीज केंद्राची राख मिसळलेलं. मानकाप्रमाणे ही राख १५ ते ३५ टक्के असू शकते. राखेची क्रिया उशिरा सुरू होते. आधी क्लिंकरच्या क्रियेतून चुना सुटायला हवा, मग राख त्याच्याशी संयोग पावते. त्यामुळे सुरुवातीचे आकडे मंद दिसतात आणि मजबुती नंतर चढते, २८ दिवसांनंतरही चढत राहते. त्यात राख दर खेपेला सारखी येईल याची खात्री नाही. सात दिवसांवरून अंदाज बांधायचा तर पीपीसी फार अवघड. सहा आठवड्यांच्या विद्यार्थिनीने साधं सिमेंट निवडलं, हे शहाणपण आहे. पीपीसीचे आकडे शेजारी ठेवून तिने फरक पाहिला तर उत्तमच, पण ते पत्रात आश्वासन म्हणून लिहू नये.

गोपनीयतेच्या वाक्याबद्दल पालकांना आणि कधी कधी शिक्षकांनाही आश्चर्य वाटतं. मजबुतीचे आकडे म्हणजे कारखान्याची बाजारातली पत. कॉलेजच्या वाचनालयात ठेवलेल्या अहवालात ते नावानिशी यावेत असं कोणताही मॅनेजर म्हणणार नाही. अहवाल आधी दाखवण्याचं वचन विद्यार्थिनीने स्वतः दिलं की त्याची अर्धी अडचण मिटते. आकड्यांऐवजी टक्केवारी देऊनही संबंध दाखवता येतो, कॉलेजचे गुण त्याने कमी होत नाहीत.

भट्टी बंद असण्याचा उल्लेख मात्र बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. भट्टीच्या आतल्या विटा बदलण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी ती अधूनमधून बंद ठेवावी लागते, आणि मागणी मंदावते म्हणून हे काम अनेकदा पावसाळ्यात काढतात. त्या दिवसांत ताजं क्लिंकर नाही, फ्री लाइमची चाचणी नाही. साठवलेल्या क्लिंकरवर गिरणी चालू असेल तर क्यूबचं काम चालू राहील. म्हणून या विषयाला बंदचा फटका कमी बसतो. फ्री लाइमवर काम करायला आलेला मुलगा मात्र रिकामा बसेल. तारखा आधी विचारल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

पत्र कुणाच्या नावाने पाठवावं? नाव ठाऊक नसेल तर ‘मॅनेजर, क्वालिटी कंट्रोल’ एवढं पुरे, आणि एक प्रत मनुष्यबळ विभागाला. परवानगी प्रयोगशाळा देते, गेट पास मनुष्यबळ विभाग काढतो. शिफारसपत्रावर कॉलेजच्या प्राचार्यांची किंवा विभागप्रमुखांची सही-शिक्का हवा. हेल्मेट कारखान्यात मिळेल, पण आपल्या मापाचे सेफ्टी बूट स्वतःचे न्यावेत. विद्यावेतनाची मागणी पहिल्या पत्रात करू नये. राहण्याची सोय हवी असेल तर ती मात्र सरळ विचारावी, कारण हे कारखाने शहरापासून दूर आहेत आणि रोजचा प्रवास जमेल की नाही हा प्रश्न खरा आहे.

जूनमध्ये जायचं असेल तर पत्र फेब्रुवारीत पाठवा. दोन-तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा फोन करा, आणि फोनवर विषय एका वाक्यात सांगता येईल इतका तो आधी स्वतःशी पक्का करून ठेवा. पत्र टपालात टाकण्यापूर्वी कॅलेंडर घ्या, क्यूब भरायचा दिवस त्यावर खूण करून ठेवा आणि पुढचे २८ दिवस मोजा. ते तुमच्या मुदतीत मावत नसतील तर तारखा बदला, नाहीतर विषय बदला.